आढावा बैठकीतली ५५ मिनिटं

एका सहकारी दूध संघात तिमाही आढावा बैठकीचं इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे बरीच वर्षं होतं. बैठक सकाळी ११ वाजता सुरू व्हायची. विषयपत्रिकेवर विभागांची नावं ओळीनं लिहिलेली असायची: संकलन, शीतकरण, प्रक्रिया, विक्री, पशुखाद्य, लेखा, प्रशासन. कुठल्याच नावापुढे वेळ लिहिलेली नसे. संकलनवाले पहिले, म्हणून त्यांच्यावर दीड तास जायचा. लेखा विभागाची पाळी येईपर्यंत दुपारचे अडीच वाजलेले असत, जेवण तयार असल्याचा निरोप दोनदा येऊन गेलेला असे आणि पशुखाद्याच्या थकलेल्या उधारीवर मी लिहीत असे, ‘सदर विषय पुढील बैठकीत घेण्याचे ठरले.’ हे वाक्य मी सलग चार तिमाह्या लिहिलं. त्या वर्षभरात उधारी वाढतच गेली.

दोष बोलणाऱ्यांचा होता असं मला तेव्हा वाटायचं. पुढे लक्षात आलं की दोष त्या कागदात होता. ‘संकलन’ हे विभागाचं नाव आहे. त्याखाली काहीही बोलता येतं आणि बोलणं संपलं हे कशावरून ओळखायचं, ते कुणालाच ठाऊक नसतं. ‘तालुक्यातले दोन सकाळचे रूट उन्हाळ्यापुरते एक करायचे का?’ असं लिहिलं, की त्याला उत्तर असतं. उत्तर मिळालं की विषय संपतो, आणि ज्याला शेवट आहे त्यालाच वेळ नेमून देता येते. म्हणून विषयपत्रिका नव्यानं आखायला बसलो तेव्हा घड्याळाला शेवटी हात घातला. आधी प्रत्येक विभागाला विचारलं: या बैठकीतून तुम्हाला कोणता निर्णय हवा आहे? सातपैकी चार विभागांना कोणताच निर्णय नको होता. त्यांना फक्त आकडे सांगायचे होते, आणि आकडे कागदावर सांगता येतात.

त्या चार विभागांचे अहवाल आम्ही एका गठ्ठ्यात बांधले आणि विषयपत्रिकेवर त्यांना मिळून ५ मिनिटं दिली. अहवाल सगळ्यांनी आधी वाचायचे, बैठकीत एकत्रच मंजूर करायचे. मात्र कुणालाही त्यातला एखादा अहवाल चर्चेसाठी बाहेर काढायचा असेल, तर आदल्या संध्याकाळपर्यंत तसं कळवायचं. ही मुभा महत्त्वाची आहे. ती नसेल तर अडचणीची गोष्ट गठ्ठ्यात दडवण्याची वाट मोकळी होते.

उरले तीन खरे विषय: रूट एक करणं, परत येणाऱ्या नासक्या पिशव्या आणि पशुखाद्याची उधारी. यांना वेळ किती द्यायची? बहुतेक ठिकाणी एकूण वेळेला विषयांच्या संख्येनं भागतात, आणि तिथेच गणित चुकतं. वेळ माणसांवरून काढावी लागते. आमच्या बैठकीत आठजण बसत. मतभेदाच्या विषयावर प्रत्येकाला तीन मिनिटं धरली तरी २४ मिनिटं झाली. त्यात शंकांसाठी ६, अडलेला मुद्दा सोडवायला १० आणि निर्णय नेमक्या शब्दांत लिहून घ्यायला ५ मिनिटं मिळवा. बेरीज ४५ होते. आठ माणसांच्या वादाच्या विषयापुढे ‘१५ मिनिटं’ लिहिणं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटंसुद्धा न देणं. अशी वेळ मोडणार हे कागदावरच दिसत असतं. ती एकदा मोडली, की पुढच्या वेळा कुणी मनावर घेत नाही.

रूटच्या विषयाला आम्ही ५५ मिनिटं दिली. वरची १० मिनिटं कशासाठी, ते पुढे सांगतो. एकूण आखणी अशी झाली: मागच्या निर्णयांपैकी जे अमलात आले नाहीत तेवढ्यांसाठी १० मिनिटं, गठ्ठ्याला ५, रूटला ५५, नासक्या पिशव्यांना ३०, चहाला १०, उधारीला ४०. मग १५ मिनिटं कोणत्याच विषयाच्या नावावर नाहीत, ती राखीव. शेवटची १५ मिनिटं झालेले निर्णय वाचून दाखवायला. ११ ते २, बरोबर तीन तास. राखीव वेळ पाहून एकानं विचारलं होतं, ‘ही मोकळी कशाला ठेवली?’ त्याचं उत्तर त्याच दिवशी मिळालं.

आता आधी वाचायच्या टिपणाबद्दल. वेळापत्रक त्याच्याच जिवावर उभं असतं. रूटच्या टिपणाची पहिली ओळ म्हणजे तो प्रश्न. त्याखाली परिस्थिती, ती अशी (समजायला सोपं जावं म्हणून आकडे सरळ केले आहेत): प्रत्येक गाडीत ४० लिटरचे ४० कॅन बसतात, म्हणजे १६०० लिटर दूध. कृशकाळात, म्हणजे उन्हाळ्यात दूध आटतं तेव्हा, एका गाडीत ८५० आणि दुसरीत ६५० लिटर येतं. दोन्हींचं मिळून १५०० लिटर, ते एका गाडीत मावतं. एका गाडीचं भाडं वाचतं, पण शेवटच्या गावचं दूध शीतकरण केंद्रावर पाऊण तास उशिरा पोचतं, आणि उन्हात तापलेलं दूध पाऊण तास थांबलं तर त्याची आंबटाई वाढते. मग तीन पर्याय: रूट एक करणं, आहे तसं चालू ठेवणं, किंवा एक करून शेवटच्या गावात बल्क कूलर बसवणं, म्हणजे दूध तिथेच ४ अंशांपर्यंत थंड होईल. प्रत्येकाचा खर्च एका ओळीत, आणि शेवटी संकलन व्यवस्थापकांची शिफारस कारणासह. सगळं दोन पानांत. पूर्वी याच विषयावर पडद्यावर पंचवीस चित्रं दाखवली जायची. चित्रं पुढे सरकत राहतात, त्यामुळे भाड्याची बचत आणि दुधाची आंबटाई शेजारी ठेवून कुणी पाहत नसे. सलग लिहिताना लिहिणाऱ्यालाच ती शेजारी ठेवावी लागते.

टिपणं बैठकीच्या आठवडाभर आधी पाठवायची असं ठरलं. कंपन्यांच्या संचालक मंडळांना हाच दंडक आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात सभेची सूचना किमान ७ दिवस आधी देण्याची अट आहे, आणि विषयपत्रिका व तिच्यावरची टिपणंही साधारणपणे तितकेच दिवस आधी द्यावीत, असं कंपनी सचिवांच्या संस्थेचं मानक सांगतं. आमच्या आढावा बैठकीवर तसं बंधन नव्हतं. आठवड्याचा उपयोग वेगळाच निघाला: माहितीचे प्रश्न आधीच लेखी येऊ लागले. ‘६५० लिटरमध्ये गायीचं किती, म्हशीचं किती?’ अशा प्रश्नाचं उत्तर बैठकीत शोधायला गेलं तर फायली उघडण्यातच दहा मिनिटं जातात. सगळ्या टिपणांची मिळून बारा पानांची मर्यादाही आम्ही घातली. साठ पानं पाठवली तर ती कुणी वाचत नाही, आणि न वाचल्याचा दोषही मग कुणाला देता येत नाही.

तरीही काहीजण वाचून येत नाहीत. हे ओळखायची खूण म्हणजे बैठकीतला पहिला प्रश्न. त्याचं उत्तर टिपणाच्या पहिल्याच पानावर असेल, तर टिपण वाचलेलं नाही. अशा वेळी मोह होतो तो सगळ्यांसाठी सारांश सांगण्याचा. संकलन व्यवस्थापक उठून म्हणाले, ‘साहेब, थोडक्यात सांगतो.’ मी त्यांना थांबवलं. सारांश सांगितला की ज्यांनी वाचलं त्यांचा वेळ वाया जातो, आणि पुढच्या वेळी तेही वाचत नाहीत. ती वरची १० मिनिटं होती ती यासाठी. दोन पानं सगळ्यांनी तिथेच, शांतपणे, हातात पेन घेऊन वाचायची. अ‍ॅमेझॉन कंपनीत जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकीतली पडद्यावरची सादरीकरणं बंद करून जास्तीत जास्त सहा पानांचं सलग टिपण आणलं, तेव्हा बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून ते वाचण्याची पद्धतही तिथे रुजली. मोठी माणसं एका खोलीत दहा मिनिटं गप्प बसली की आधी अवघडल्यासारखं वाटतं, पण त्यानंतरची चर्चा थेट पर्यायांवर सुरू होते, हे मी पाहिलं आहे.

वेळेवर लक्ष कुणी ठेवायचं? अध्यक्षांनी नाही. चर्चेत सर्वांत जास्त गुंतलेले तेच असतात, आणि वेळ बहुधा त्यांच्याकडूनच मोडते. आमच्याकडे हे काम लेखा विभागातल्या एका तरुण मुलीकडे दिलं. ठरलेल्या वेळेच्या ५ मिनिटं आधी तिनं फक्त एवढंच म्हणायचं, ‘साहेब, पाच मिनिटं उरली.’ मग अध्यक्षांपुढे तीनच वाटा: निर्णय घ्यायचा, राखीव वेळेतून किंवा दुसऱ्या विषयाचं नाव घेऊन त्याच्यातून मिनिटं काढायची, नाहीतर दोन-तीन जणांवर तारखेसह काम सोपवायचं. ‘थोडं बोलून संपवू’ ही वाट बंद. दुसऱ्या विषयाचं नाव घेण्यात सगळं बळ आहे. उधारीतून दहा मिनिटं काढतो, असं उघड म्हणावं लागलं की पशुखाद्यवाले समोरच बसलेले असतात.

सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५० च्या दशकात एका कल्पित समितीचं वर्णन केलं होतं. एक कोटी पौंडांच्या अणुभट्टीला ती अडीच मिनिटांत मंजुरी देते आणि ३५० पौंडांच्या सायकल शेडवर पाऊण तास घालवते. अणुभट्टी कुणाला कळत नाही, शेड सगळ्यांना कळते. आमची शेड म्हणजे नासक्या पिशव्या. दुधाची पिशवी प्रत्येकाच्या घरी येते, त्यामुळे प्रत्येकाकडे एक किस्सा असतो. म्हणून त्या विषयाचं टिपण मुद्दाम अरुंद ठेवलं: पिशव्या जास्त कोणत्या दोन मार्गांवरून परत येतात आणि तिथल्या गाड्यांच्या शीतपेट्या बदलायच्या का, एवढंच.

त्या दिवशी रूटच्या विषयाला ६८ मिनिटं लागली. शीतकरणवाल्यांनी आंबटाईच्या चाचणीचे मागच्या उन्हाळ्याचे आकडे काढले आणि शिफारस बदलावी लागली. रूट एक करायचे, पण कूलर बसल्यावरच. ते १३ मिनिटं जास्त बोलले आणि ती राखीव वेळेतून गेली. या खर्चाबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण एक चुकीचा निर्णय टळला होता. पिशव्यांचं ३० ऐवजी २६ मिनिटांत संपलं.

या सगळ्यालाही मर्यादा आहे. व्यवस्थापकानं टिपणात वाईट आकडाच लिहिला नाही, तर घड्याळ काही करू शकत नाही. एमडी साहेबांनी आधी मत दिलं की बाकीचे माना डोलावतात आणि विषय वेळेआधी संपतो. तेव्हा वेळ पाळली गेली याचा आनंद मानू नये. सगळ्यात कनिष्ठ माणसाला पहिल्यांदा बोलायला लावलं की हे थोडं कमी होतं. आणि विषय दर वेळी लवकर संपत असतील, तर वेळा सैल धरल्या आहेत.

म्हणून इतिवृत्ताच्या शेवटी मी दोन रकाने जोडले: ठरवलेली वेळ आणि लागलेली वेळ. तीन तिमाह्यांनंतर ते शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की उधारीचा विषय प्रत्येक वेळी निर्णयापाशी येऊन दमतो. तो चहानंतर होता, दीडच्या सुमाराला संपायचा आणि लोक तोवर थकलेले असायचे. चौथ्या बैठकीत तो पहिला घेतला, सव्वाअकरा वाजता. कोणत्या संस्थांना उधार बंद करायचं आणि कुणाच्या दुधाच्या बिलातून किती कापायचं, हे त्या दिवशी नावांनिशी ठरलं.