घरात चार भाषा, टीव्हीवर एक खाते

फोनवरच्या किंवा टीव्हीवरच्या अ‍ॅपमध्ये भाषेचे दोन वेगळे कप्पे असतात. एका कप्प्यात अ‍ॅप स्वतः कोणत्या भाषेत बोलणार हे ठरते, म्हणजे बटणे, सूचना, मेनू. दुसऱ्यात अ‍ॅप कोणत्या भाषेतली गाणी, मालिका, बातम्या समोर आणून ठेवणार हे ठरते. पहिला कप्पा मराठी केला की दुसरा आपोआप मराठी होईल, अशी समजूत असते. तसे होत नाही. बटणे मराठी आणि समोर सगळे हिंदी-इंग्रजी, हे दृश्य त्यामुळेच घरोघरी दिसते.

पहिला कप्पा सोपा आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि त्याखाली ‘भाषा’ असा रस्ता असतो. फोनच्या कंपनीप्रमाणे तो थोडाफार बदलतो. तिथे मराठी जोडता येते आणि एकाखाली एक अशी भाषांची यादी करता येते. या यादीतला क्रम महत्त्वाचा असतो. ज्या अ‍ॅपमध्ये मराठी नाही ते यादीतली दुसरी भाषा घेते. मराठीखाली हिंदी ठेवली असेल तर असे अ‍ॅप एकदम हिंदीत उघडते, आणि ज्यांना त्यातले व्यवहाराचे शब्द इंग्रजीत वाचायची सवय आहे ते गोंधळून सगळा फोनच पुन्हा इंग्रजी करून टाकतात. त्यापेक्षा मराठीनंतर दुसऱ्या क्रमांकावर इंग्रजी ठेवली की काम भागते.

सगळा फोन मराठी नको, एखादेच अ‍ॅप हवे, असेही करता येते. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, फोनच्या भाषेच्या सेटिंगमध्ये प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळी भाषा निवडायची सोय आहे. ज्या अ‍ॅपने ही सोय स्वीकारली आहे तेवढीच त्या यादीत दिसतात. आयफोनवर अशी सोय २०१९ पासून आहे. कॉम्प्युटरवर यूट्यूब उघडले असेल, तर कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टिचकी मारून ‘भाषा’ या ओळीत मराठी निवडता येते. घरातल्या आजींसाठी हा बदल खरोखर उपयोगाचा आहे, कारण त्यांना अडते ते बटणांपाशी. पण बटणांपलीकडे त्याचा फारसा जोर चालत नाही.

दुसऱ्या कप्प्याच्या बाबतीत अ‍ॅपचे दोन प्रकार पडतात. काही अ‍ॅप सरळ विचारतात. स्पॉटिफाय मार्च २०२१ पासून मराठीत वापरता येते. त्याच्या सेटिंग्जमध्ये भारतातल्या ग्राहकांसाठी Languages for music नावाची वेगळी जागाही आहे. तिथे मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी अशा हव्या तेवढ्या भाषांवर खूण करता येते. नेटफ्लिक्सवरही दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. त्याचे मेनू ऑगस्ट २०२० पासून हिंदीत मिळतात, पण चित्रपट आणि मालिकांच्या भाषा वेगळ्या निवडाव्या लागतात आणि दोन्ही निवडी प्रोफाइलनुसार साठवल्या जातात. एका खात्यात पाच प्रोफाइल करता येतात. आई, वडील, आजी आणि मुले एकाच प्रोफाइलवर पाहत असतील, तर भाषांची ती यादी कितीही नीट भरली तरी उपयोग नाही.

यूट्यूबचा स्वभाव वेगळा. ‘तुम्हाला कोणत्या भाषांतले व्हिडिओ हवेत’ असे विचारण्यापेक्षा ते आधी काय पाहिले यावरच जास्त चालते. पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास, शोधलेले शब्द, सबस्क्राइब केलेली चॅनेले, लाइक आणि ‘यात रस नाही’ अशी दिलेली उत्तरे यांवर मुखपृष्ठ ठरते. नवे कोरे खाते असेल तेव्हा अ‍ॅपची भाषा आणि देश यांचा थोडाफार हातभार लागतो. इतिहास साठला की त्याच्यापुढे त्यांचे वजन उरत नाही. म्हणून बहुभाषक घरात खरी मेहनत यूट्यूबवरच करावी लागते.

उदाहरणासाठी सोलापूरच्या पूर्व भागातले एक कुटुंब घेऊ. या भागात विणकामावर वाढलेली पद्मशाली वस्ती मोठी आहे आणि तिथे घरात तेलुगू, बाहेर मराठी हे नेहमीचे. समजा, आजींना तेलुगू भजने लागतात आणि मराठी कीर्तनही लागते. सूनबाई अक्कलकोटकडच्या, माहेरची भाषा कन्नड. त्या कन्नड मालिकांचे तुकडे पाहतात आणि स्वयंपाकाचे व्हिडिओ मराठीत. मुलगा मराठी बातम्या आणि हिंदी गाणी ऐकतो. सहा वर्षांची नात इंग्रजी बडबडगीतांवर खूश. हॉलमधल्या टीव्हीवर यूट्यूब आहे, त्यात खाते एकच, मुलाचे. परिणाम ठरलेला. नातीने दुपारी तासभर बडबडगीते लावली की रात्री बातम्यांच्या जागी रंगीत ससे नाचतात आणि आजींचे कीर्तन कुठल्या कुठे जाते.

इथे भाषेप्रमाणे खाती करावीत, एक तेलुगूचे आणि एक मराठीचे, असा विचार पहिल्यांदा सुचतो. तो चुकीचा आहे. आजी एकाच बैठकीत दोन्ही भाषा ऐकतात. त्यांना दर वेळी खाते बदलायला लावणे म्हणजे जाच. खाती माणसाप्रमाणे करावीत. एका माणसाच्या इतिहासात तीन भाषा असल्या तरी यूट्यूब त्या तिन्ही समोर आणते. त्याला पेलत नाही ते एका खात्यातली चार माणसे.

सूनबाईंचे खाते त्यांच्या फोनवर आहेच. टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये ‘खाते जोडा’ निवडून पडद्यावरचा क्यूआर कोड फोनने टिपला की ते तिथे येते. आजींकडे स्मार्टफोन नाही, जीमेलही नाही. त्यांच्यासाठी नवा मोबाइल नंबर किंवा ईमेल लागत नाही. मुलाने आपल्या खात्यातून कॉम्प्युटरवर youtube.com/channel_switcher उघडावे आणि ‘आजी’ नावाचे दुसरे चॅनेल तयार करावे. त्यावर व्हिडिओ चढवायचे बंधन नाही. अशा दुसऱ्या चॅनेलचा पाहण्याचा इतिहास मूळ खात्यापासून वेगळा राहतो, आणि टीव्हीवर ते स्वतंत्र नावाने दिसते. नातीसाठी मुलांचे प्रोफाइल किंवा यूट्यूब किड्स हे अ‍ॅप ठेवावे. त्यात पालकांनी स्वतः निवडलेलेच व्हिडिओ दिसावेत अशी सोय आहे. तिथे मराठी आणि तेलुगू बडबडगीते पालकांनी हाताने घातली तर नातीलाही घरच्या भाषा ऐकायला मिळतात. ते यूट्यूबवर सोडले तर मिळतीलच असे नाही.

‘आजी’ हे चॅनेल सुरुवातीला रिकामे असते आणि ते भरावे लागते. इथे लिपीची एक अडचण येते. देवनागरीत नुसते ‘भजन’ लिहिले तर बहुतेक निकाल हिंदी येतात, कारण लिपी आणि शब्द दोन्ही सारखेच आहेत. ‘मराठी कीर्तन’ किंवा कीर्तनकाराचे नाव लिहिले की निकाल सुधारतो. तेलुगूची लिपी वेगळी असल्याने ती अडचण नाही. जीबोर्ड कीबोर्डमध्ये तेलुगू जोडून फोनवरून शोधावे. आवडीची पाच-सहा चॅनेले सबस्क्राइब करून त्यांचे दोन-तीन व्हिडिओ पूर्ण पाहिले की मुखपृष्ठ बदलू लागते. सुरुवातीला काही दिवस आपोआप पुढचा व्हिडिओ लागू देऊ नये, कारण आजी झोपल्यावर चाललेले व्हिडिओही आजींच्याच नावावर जमा होतात.

मुलाच्या जुन्या खात्यात साठलेली सरमिसळ साफ करणे हे शेवटचे काम. सगळा इतिहास पुसायची गरज नसते. एकेक व्हिडिओ काढता येतो, आणि myactivity.google.com वर ठरावीक तारखांमधला इतिहास एकदम काढता येतो. दिवाळीच्या सुट्टीत भाचरे येऊन पंधरा दिवस कार्टून पाहून गेली असतील, तर तेवढेच पंधरा दिवस पुसावेत. वर्षभराच्या बातम्या आणि गाणी जागच्या जागी राहतात. एखादे चॅनेल पुन्हा पुन्हा येतच असेल, तर व्हिडिओशेजारच्या तीन ठिपक्यांवर दाबून ‘चॅनेलची शिफारस करू नका’ निवडावे. ‘यात रस नाही’ हे एका व्हिडिओपुरते असते, त्याने चॅनेल जात नाही.

हे सगळे करूनही महिन्याभराने पुन्हा घोळ झाला, तर कारण बहुधा एकच असते: खाते न बदलता पाहिले. टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये चालू खात्याचे चित्र मेनूच्या पट्टीत दिसते. प्रत्येक खात्याला वेगळे चित्र लावले, आजींच्या चॅनेलला आजींचाच फोटो, की चूक लगेच ध्यानात येते. वाचण्यापेक्षा चेहरा ओळखणे आजींनाही सोपे जाते.

शीर्षक मराठीत आहे म्हणून व्हिडिओ मराठी असेलच असेही नाही. व्हिडिओ करणाऱ्याने शीर्षकाचे भाषांतर दिलेले असेल, तर यूट्यूब ते अ‍ॅपच्या भाषेत दाखवते, आत बोलणे मात्र इंग्रजी असू शकते. काही व्हिडिओंना एकापेक्षा जास्त ध्वनिपट्ट्या असतात. चालू व्हिडिओवरच्या दातेरी चाकाच्या खुणेत ‘ऑडिओ ट्रॅक’ असेल तर मूळ भाषा निवडता येते. ती ओळच दिसत नसेल, तर व्हिडिओला एकच आवाज आहे.

न्यू जर्सीत किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी घरांना आणखी एक सेटिंग पाहावे लागते, ते म्हणजे देशाचे. यूट्यूबवर ‘स्थान’ भारत केले तर तिथे भारतातले चालू व्हिडिओ वर येऊ लागतात. मात्र एखादा चित्रपट ज्या देशात दाखवायचा हक्क नाही तिथे तो या सेटिंगने उघडत नाही. ती अडवणूक इंटरनेट जोडणी कुठल्या देशातली आहे हे पाहून होते.

इतिहास साठूच नये म्हणून काहीजण तो कायमचा बंद करतात. हा उपाय बहुभाषक घराला सोयीचा नाही. इतिहास बंद आणि आधीचाही फारसा साठलेला नाही, अशा खात्याचे मुखपृष्ठ यूट्यूबने ऑगस्ट २०२३ पासून रिकामे ठेवायला सुरुवात केली आहे. पाहुण्यांपुरता इतिहास नको असेल, तर टीव्हीवर खाते निवडताना ‘गेस्ट’ निवडावे. भाचरांनी काय पाहिले ते मग कुणाच्याच खात्यात जात नाही.