सत्काराला उत्तर : साखर कारखान्यातले निरोपाचे भाषण

निवृत्त होणाऱ्या व्यवस्थापकाचे भाषण कार्यक्रमपत्रिकेत 'सत्काराला उत्तर' या नावाने येते. शाल-श्रीफळ आणि सपत्नीक सत्कार उरकलेला असतो, चार-पाच जण कौतुक करून बसलेले असतात आणि अध्यक्षांच्या आधी सत्कारमूर्तीला उभे राहायचे असते. तोवर मंडळींचे निम्मे लक्ष जेवणाकडे गेलेले असते, म्हणून आठ-दहा मिनिटांत आटोपणे बरे.

सहकारी साखर कारखान्यात आभाराची पहिली अडचण तारखेपासूनच सुरू होते. जुन्या पिढीतल्या अनेकांची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून आहे. नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. एक तारखेचा जन्म असलेला नोकरदार साधारणपणे आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे असे निरोप बरेचदा ३१ मे रोजी होतात. तोपर्यंत गाळप बहुधा संपलेले असते. कायम कामगार यंत्रे खोलून ओव्हरहॉलिंगला लागलेले असतात आणि हंगामी कामगार घरी गेलेले असतात. ज्यांच्या पाळ्यांवर गव्हाण, बॉयलर आणि पॅन रात्रंदिवस चालले, त्यांतले बरेच जण मांडवात नसतात. अशा वेळी 'उपस्थित सर्वांचे आभार' हे वाक्य नेमके त्यांनाच वगळते. हंगामी माणसांचा उल्लेख भाषणात वेगळा करावा लागतो, आणि तो मजकूर हंगामाच्या सुरुवातीला टाइम ऑफिसबाहेरच्या फलकावर लावला तर त्यांच्यापर्यंत पोहोचतोही.

निवृत्ती जानेवारीत आली तर अडचण उलटी होते. गाळप ऐन भरात असते आणि भाषणासाठी मिल थांबवता येत नाही. कार्यक्रम पाळीबदलाच्या वेळी घेतला, तरी एका पाळीची माणसे आत यंत्रावर असतातच.

आभार मानताना नावांची यादी वाचणे सर्वांत धोक्याचे. पन्नास नावे घेतली की एक्कावन्नावा दुखावतो, आणि तो बहुधा साफसफाईचा किंवा कंत्राटी कामगार असतो. त्यापेक्षा खात्याचे नाव आणि त्या खात्याने केलेले एखादे काम सांगितलेले चांगले. 'पॅनवाल्यांनी फार सहकार्य केले' हे कोणत्याही खात्याबद्दल म्हणता येते. 'पाकात दाणा कधी धरला हे मला आकड्यांवरून कळायचे, पॅनमनला काचेवरचा थेंब पाहून कळायचे' हे फक्त पॅनमनबद्दलच म्हणता येते, आणि ज्याचे त्याला बरोबर कळते.

पण प्रसंग निवडतानाच चूक होऊ शकते. समजा, ऐन हंगामात रात्री बॉयलरची नळी फुटली. वाफ गेली की टर्बाइन थांबते, मिल थांबते आणि गव्हाणीबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस वाळू लागतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. अशा रात्री फिटर तापलेल्या बॉयलरमध्ये शिरला आणि पहाटे कारखाना पुन्हा सुरू झाला, ही कथा टाळ्या हमखास मिळवते. व्यवस्थापकाने मात्र ती सांगू नये. १९४८च्या कारखाने अधिनियमाने व्यवस्थापकाला सुरक्षिततेबद्दल उत्तरदायी धरले होते; त्याच माणसाने जाताना धोक्याचे कौतुक केले, तर मागे राहणारे तोच धडा घेतात. खरे आभार मानायचे ते 'साहेब, थंड झाल्याशिवाय माणूस आत घालणार नाही' असे तोंडावर सांगणाऱ्या फोरमनचे. त्या नकारामुळे काही तास गेले आणि माणूस शाबूत राहिला, हे व्यासपीठावरून सांगण्याची संधी पुन्हा येत नाही.

हाताखालच्या अधिकाऱ्यांचे आभार वेगळ्या सुरात मानावे लागतात. कामगारांसमोर 'मी यांना घडवले' असे म्हटले की त्यांचे वजन कमी होते. एखादी सुधारणा कोणत्या तरुण केमिस्टने किंवा इंजिनिअरने सुचवली, आपण आधी ती कशी नाकारली आणि पुढे का मान्य केली, हे सांगितले तर श्रेय योग्य जागी जाते. इथे नाव घ्यायला हरकत नाही. मात्र त्या अधिकाऱ्याला आधी विचारलेले बरे.

'कोणाचे मन दुखावले असेल तर माफ करा' हे वाक्य बहुतेक भाषणांत येते. ज्यांना निलंबनाची नोटीस मिळाली, ज्यांची बदली झाली, त्यांना ते पोकळ वाटते. कठोर निर्णय घेतले होते एवढे साधेपणाने म्हणणे जास्त प्रामाणिक. पगारवाढ, हंगामी कामगारांना कायम करणे, थकीत देणी यांबद्दल शब्द मात्र देऊ नये. तो पाळण्याचा अधिकार दुसऱ्या दिवसापासून हातात नसतो, आणि युनियन ते वाक्य नव्या माणसासमोर ठेवते.

शेवटी उत्तराधिकाऱ्याची ओळख येते. 'माझ्यासारखेच यांना सांभाळून घ्या' म्हणण्यापेक्षा त्यांचे नाव, यापूर्वीचे काम आणि उद्यापासून परवानगी त्यांच्याकडून घ्यायची, एवढे सांगून जागेवर बसावे. पुढचा माइक अध्यक्षांचा असतो.