टाकी मोठी की काच स्वच्छ?

अबुधाबीजवळच्या मुसाफा औद्योगिक वसाहतीतल्या एका बांधकाम कंपनीत माझ्या मुलाचे दोन मराठी सहकारी आहेत. एकाला सगळे ‘दादा’ म्हणतात, दुसरीला ‘ताई’. दादा साइटवर असतात, ताई हिशेबखात्यात. यंदा दोघांनाही एकाच वेळी नवा फोन घ्यायचा होता आणि दोघांचे अंदाजपत्रकही सारखेच होते. दुकानदाराने दोन फोन पुढे ठेवले. पहिल्याची बॅटरी ७००० एमएएच, पडदा मात्र साधा एलसीडी. दुसऱ्याची बॅटरी ५०००, पण पडदा ओएलईडी आणि भरपूर उजेडाचा. डबा खाताना सुरू झालेला वाद शुक्रवारी रात्री आमच्या घरी जेवायला आला. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले, म्हणून पंच मला केले. तो वाद जसा आठवतो तसा देतो. मधूनमधून माझी लुडबूड आहे, ती वाचकांनी सांभाळून घ्यावी.

दादा: यात विचार काय करायचा? सात हजार म्हणजे सात हजार. साइटवर चार्जर शोधत फिरणार कोण?

ताई: आणि त्या फोनवर तुम्हाला दिसणार काय? मागच्या महिन्यात ड्रॉइंगच्या फोटोत सळ्यांचं अंतर १५० च्या जागी १८० वाचलंत ना?

दादा: उन्हात पाच आणि आठ सारखेच दिसतात हो. काँक्रीट ओतायच्या आधी फोरमनने पकडलं, म्हणून निभावलं.

ताई: निभावलं म्हणून तोच पडदा परत घ्यायचा?

इथे मी पहिला अडथळा घातला. एमएएच हा आकडा खरे तर अर्धाच आहे. बॅटरीत ऊर्जा किती आहे हे कळायला त्याला व्होल्टने गुणावे लागते. आजच्या फोनच्या सेलचा सरासरी दाब ३.८५ व्होल्टच्या आसपास असतो. म्हणजे ७००० एमएएचचे झाले सुमारे २७ वॉट-अवर आणि ५००० चे सुमारे १९. हा आकडा बहुधा बॅटरीवर किंवा खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेलाही असतो. ही झाली टाकी. पण टाकी किती वेळ पुरेल हे नळ किती सोडला आहे यावर ठरते, आणि फोनचा सगळ्यात मोठा नळ बहुतेक वेळा पडदाच असतो.

दादा: म्हणजे माझंच बरोबर. टाकी मोठी ती मोठीच.

ताई: पण नळ कुणाचा मोठा? आमच्या यांच्याकडे हाच दुसरा फोन आहे. त्यावर वाचताना बॅटरी हलतसुद्धा नाही.

वाद तोंडाने मिटणार नव्हता. पहिला फोन दादांच्या फोरमनकडे होता, दुसरा ताईंच्या यजमानांकडे. मी म्हटले, दोन्ही फोन आणा आणि मोजा. पद्धत अगदी साधी आहे. दोन्ही फोनवर तेच ॲप, तेच पान. सिमकार्ड, वायफाय सगळे सारखे. सुरुवातीचा टक्का लिहायचा, ठरलेल्या वेळाने पुन्हा लिहायचा. जितके टक्के उतरले तितका भाग वॉट-अवरमधून काढायचा आणि तासांनी भागायचे. उत्तर थेट वॉटमध्ये येते. फक्त १०० टक्क्यांपासून मोजणी सुरू करू नये. बरेच फोन वरच्या टोकाला १०० हा आकडा उगाच धरून ठेवतात आणि मग भराभर उतरतात. ८० पासून सुरू केलेले बरे.

ऑफिसात, पडद्याचा उजेड मध्यम ठेवून, तासभर वाचन केले. पहिल्याचे ५ टक्के उतरले, दुसऱ्याचे ६. टक्के पाहून दादा खूश झाले. पण २७ चे ५ टक्के म्हणजे १.३५ आणि १९ चे ६ टक्के म्हणजे १.१४. मोठ्या बॅटरीचा फोनच जास्त खात होता! कारण पडद्याच्या जातीत आहे. एलसीडीत मागे एक दिवा सतत जळतो. पडद्यावर काळे दिसते तिथेही तो जळतच असतो, काळेपणा फक्त त्याला झाकतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा असतो आणि काळा ठिपका म्हणजे विझलेला दिवा. ताईंच्या यजमानांनी गडद पार्श्वभूमी लावून ठेवली होती, तीच दोन्ही फोनवर ठेवली. तिचा फायदा एकालाच मिळाला.

ताई: बघा! मी सांगत नव्हते?

पण उन्हातली मोजणी अजून बाकी होती. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी असते, म्हणून दादांनी सकाळी साडेदहाला मोजले. पांढऱ्या पार्श्वभूमीचे ड्रॉइंग, पडदा पूर्ण उजेडावर, वेळ अर्धा तास. पहिल्याचे ५ टक्के गेले, दुसऱ्याचे तब्बल ११. म्हणजे पहिला सुमारे २.७ वॉट खात होता आणि दुसरा ४.२. या वेगाने पहिला दहा तास चालेल, दुसरा साडेचारच. घरात काटकसरी असलेला ओएलईडी उन्हात, पांढऱ्या पानावर, उधळ्या निघाला. इतका उजेड करायचा आणि तोही प्रत्येक ठिपक्यातून, तर पैसे मोजावेच लागतात.

गडद पार्श्वभूमीबद्दल इथेच एक सांगून टाकतो. ती लावली की बॅटरी दुप्पट पुरते असा समज फार पसरला आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये ओएलईडी फोनवर हे मोजून पाहिले. पडद्याचा उजेड ३० ते ५० टक्के असताना सरासरी बचत ३ ते ९ टक्केच निघाली, आणि पूर्ण उजेडावर ३९ ते ४७ टक्के. म्हणजे घरात ती बहुतांशी आवडीची गोष्ट आणि उन्हात खऱ्या कामाची. दादांना ड्रॉइंग उलट्या रंगांत उघडता आले तर त्यांचा नळ बराच बारीक होईल. पण काळ्यावर पांढऱ्या रेघा वाचायची सवय व्हायला हवी, आणि कडक उन्हात काळ्या भागावर स्वतःचाच चेहरा दिसतो, हेही खरे.

दादा: मग उन्हात माझाच फोन जिंकला की!

ताई: दहा तास चालला, पण दिसलं काय?

दादा गप्प झाले. त्यांनी दोन्ही फोनवर तेच ड्रॉइंग उघडून पाहिले होते. पहिल्यावर आकडे वाचायला फोन छातीशी धरून त्यावर हेल्मेटची सावली करावी लागत होती, दुसऱ्यावर हात लांब ठेवूनही वाचता येत होते. खोक्यावरच्या ‘निट’ या उजेडाच्या मापाबाबत मात्र सावध राहावे. तिथे छापलेला सर्वांत मोठा आकडा पुष्कळदा पडद्याच्या छोट्याशा तुकड्यापुरता, क्षणभरासाठी असतो. अख्खा पडदा उन्हात किती उजळतो हा आकडा वेगळा आणि बराच लहान असतो. दुकानदाराला म्हणावे, पांढरे पान उघडून दुकानाबाहेर उन्हात नेऊ दे. आणखी एक गोष्ट दादांना साइटवरच कळली. अर्ध्या तासानंतर दुसऱ्या फोनने आपला उजेड आपणहून कमी केला. फोन तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी पडदा मंद करतो. तो बिघाड नव्हे. सावलीत दहा मिनिटे ठेवला की पूर्ववत होतो.

मग आम्ही दादांच्या दिवसाचा हिशेब मांडला. उन्हात ते सलग पाहत नाहीत, दोन-तीन मिनिटे करत दिवसभरात दीड तास. दीड गुणिले ४.२ म्हणजे ६.३ वॉट-अवर. कंटेनरमध्ये, गाडीत, घरी मिळून चार तास, म्हणजे ४.६. फोनवर बोलणे आणि खिशातला खर्च यांसाठी ३ धरले. एकूण १४ च्या आत. १९ च्या टाकीत रात्री झोपताना पाच उरतात. आजच्या दिवसाला छोटी टाकीही पुरते.

दादा: आणि दोन वर्षांनी?

प्रश्न नेमका होता. बॅटरी झिजून ८० टक्क्यांवर आली की १९ चे १५ होतात आणि मग रात्री काठावर येते. इथली खरी शत्रू उष्णता आहे. पुष्कळ फोनच्या माहितीपत्रकात वापरासाठी ३५ अंशांची मर्यादा दिलेली असते. इथल्या उन्हाळ्यात बंद गाडी साठच्याही पुढे जाते. पूर्ण भरलेली बॅटरी तापत ठेवणे हे तर सर्वांत वाईट. दादा फोन डॅशबोर्डवर ठेवून जेवायला जातात हे ताईंनी तेव्हाच चुगलीवजा सांगितले. मोठ्या बॅटरीलाही यातून सुटका नाही. उलट आजच्या ७००० वाल्या अनेक बॅटऱ्यांत ग्राफाइटमध्ये थोडे सिलिकॉन मिसळलेले असते. सिलिकॉन लिथियम पुष्कळ साठवते, पण साठवताना कित्येक पट फुगते आणि रिकामे होताना आकसते. हे फुगणे-आकसणे आवरण्यातच कारखानदारांचे कौशल्य खर्ची पडते.

दादांनी शेवटी दुसरा फोन घेतला. ऑफिसच्या टेबलावर एक जादा चार्जर ठेवला आणि फोन आता जेवायला सोबत येतो.

ताईंनी मात्र अजून काहीच घेतलेले नाही. रात्री दिवे मालवून यजमानांच्या फोनवर वाचले की त्यांचे डोके दुखते. तो चष्म्याचा दोष असावा असे त्यांना वाटत होते. मी त्यांना पेन्सिल आणायला सांगितली. अंधाऱ्या खोलीत पडद्याचा उजेड अगदी कमी केला, पांढरे पान उघडले आणि त्यासमोर पेन्सिल पंख्यासारखी भराभर हलवली. सलग धूसर पट्टा दिसायला हवा होता; दिसल्या सुट्यासुट्या सात-आठ पेन्सिली. बरेच ओएलईडी पडदे मंद होण्यासाठी सेकंदाला काही शे वेळा विझतात आणि पेटतात. बहुतेकांना ते जाणवत नाही, काहींना त्रास होतो. फोरमनच्या एलसीडीवर तीच पेन्सिल सलग पट्टा झाली. काही ओएलईडी फोनमध्ये ही लुकलुक खूप जलद ठेवतात, काहींत ती टाळण्याची सोय सेटिंगमध्ये असते. तसा फोन अंदाजपत्रकात मिळतो का हे ताई आता पाहत आहेत. दुकानात जाताना पर्समध्ये पेन्सिल असते.