चाँदरातीची गर्दी आणि गळ्यातली पोत

इफ्तार उरकून मुंब्र्याची एखादी गृहिणी ईदच्या खरेदीला निघते. लोकलने मस्जिद स्थानकावर उतरून ती मोहम्मद अली रोडच्या गर्दीत शिरते. गळ्यात सोन्याची साखळी, कानात झुमके. या वाटेवर धोका दोन ठिकाणी असतो. गाडी सुटताना दारात उभ्या किंवा खिडकीशी बसलेल्या बाईच्या गळ्याला फलाटावरून हिसका बसतो. चोर मागे राहतो, गाडी पुढे निघून जाते. बाजारात मात्र धक्काबुक्कीत मागून साखळीचा आकडा सोडवला जातो आणि पत्ताही लागत नाही.

म्हणून लोकलमध्ये दार-खिडकीपासून आत राहावे. साखळीऐवजी दोऱ्यात ओवलेली आखूड काळी पोत बरी; दख्खनी मुसलमान घरातला लच्छा असो की हिंदू घरातले मंगळसूत्र, दोन-चार सोन्याच्या मण्यांतही सुहागाचा मान राहतो. ती ओढणीखाली वा पदराखाली झाकली जाते आणि हिसका बसलाच तर दोरा तुटतो, गळा कापत नाही. जाड साखळी पिनेने कपड्याला जखडली, तर साखळीबरोबर बाईच ओढली जाण्याची भीती असते. लोंबत्या झुमक्याला ओढ बसली की कानाची पाळी फाटते. त्यापेक्षा फिरकीचे छोटे टॉप्स घालावेत.

‘पुढे चोऱ्या होताहेत, दागिने काढून या पुडीत बांधा’, असे सांगणारा पोलीस तोतयाच समजावा. खरा पोलीस रस्त्यात दागिने उतरवायला लावत नाही. अशा वेळी ११२ वर फोन करावा, रेल्वेत असाल तर १३९ वर.

झुमके आणि साखळी ईदच्या सकाळी घरच्या दस्तरख्वानावर शोभतातच.