अलार्म वाजला, तरी कामगार बाहेर का पडू शकले नाहीत? ताजरीनच्या आगीची गोष्ट

तारीख 24 नोव्हेंबर 2012. ठिकाण, बांगलादेशची राजधानी ढाक्याजवळचं आशुलिया. इथे ताजरीन फॅशन्स नावाचा नऊ मजली कारखाना होता. संध्याकाळी ओव्हरटाइम सुरू असताना आगीचा अलार्म वाजला.

कामगार मशीनवरून उठले. पण सुपरवायझर-मॅनेजर लोकांनी त्यांना परत कामाला बसवलं, काही झालेलं नाही असं सांगितलं आणि जिन्याकडची सरकती लोखंडी गेटं बंद केली. थोड्याच वेळात धूर वर आला. त्या रात्री किमान 112 जणांचा जीव गेला.

आता प्रश्न पडतो, इमारतीला एक नाही, तीन जिने होते. मग लोक अडकले कसे?

कारण तिन्ही जिने इमारतीच्या आतूनच तळमजल्यावर उतरत होते. बाहेरच्या बाजूने उतरणारा जिना नव्हता. आणि आग तळमजल्यावरच लागली होती, जिथे कापड आणि सुताचे ढीग ठेवले होते. असा साठा खरं तर आग रोखणाऱ्या भिंतींच्या वेगळ्या खोलीत हवा. तो उघड्यावर होता, त्यामुळे धूर थेट जिन्यांत शिरला आणि धुराड्यातून वर जावा तसा वरच्या मजल्यांवर पोहोचला. म्हणजे कागदावर तीन वाटा होत्या, पण प्रत्यक्षात एकच, आणि तिच्या तोंडाशी आग. अनेकांनी खिडक्यांचे गज आणि एक्झॉस्ट फॅन उचकटून उड्या मारल्या.

आग लागली कशी, यावर वाद झाला. सरकारी चौकशी समितीने घातपाताची शक्यता सांगितली, पण मालकाच्या गंभीर निष्काळजीपणावरही ठपका ठेवला. ठिणगी कुणाचीही असो, माणसं मेली ती बाहेर पडता न आल्यामुळे.

कपड्यांच्या कारखान्यात आग इतकी झपाट्याने का पसरते?

कापड कापताना आणि शिवताना बारीक तंतू उडतात. त्याला लिंट म्हणतात. ते मशीनच्या मोटरवर, ट्यूबलाइटवर, वायरींवर साचतं. कापडाचा घट्ट तागा पेटायला वेळ लागतो, पण सैल लिंटच्या प्रत्येक तंतूभोवती हवा असते, त्यामुळे ते भुर्रकन पेटतं आणि ज्योत साचलेल्या थरावरून पुढे पळते. एक सैल वायर पुरते. बऱ्याच ठिकाणी हवेच्या पाइपने लिंट उडवून साफसफाई केली जाते. पण त्याने ते जात नाही, फक्त खालून वर, दिव्यांवर जाऊन बसतं. ते व्हॅक्यूमने ओढून घ्यावं लागतं.

गर्दी कशी मोजायची?

भारतात 1948 च्या कारखाने कायद्याने दर कामगारामागे किमान 14.2 घनमीटर जागा ठरवली होती. समजा हॉल 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच आहे. म्हणजे 600 घनमीटर. त्यात जास्तीत जास्त 42 माणसं बसतात. पण हा हिशोब मशीनमधल्या वाटेबद्दल काही सांगत नाही. हॉलमध्ये 42 च माणसं असली आणि वाटेत शिवायच्या कपड्यांचे गठ्ठे पडले असले, तर धुरात पहिला माणूस अडखळतो आणि मागची सगळी रांग थांबते.

गेटला कुलूप का लावतात? माल चोरीला जाऊ नये आणि कामगार मध्येच उठून जाऊ नयेत म्हणून. हाच हिशोब रोजच्या छोट्या अपघातातही दिसतो. शिलाई मशीनच्या सुईपुढे बोट जाऊ नये म्हणून तारेचा फिंगर गार्ड असतो. पण दोरा ओवताना तो मध्ये येतो, तासाला ठरलेले नग पूर्ण होत नाहीत, म्हणून तो वाकवला किंवा काढला जातो. मग एक दिवस सुई नखातून आरपार जाते, कधी तुकडा आतच राहतो. आगीच्या वेळी बंद गेट आणि सुईपुढून काढलेला गार्ड, दोन्हीकडे सुरक्षेची वस्तू होती. ती कामाला अडथळा समजली गेली.

बदललं काय? एप्रिल 2013 मध्ये राणा प्लाझा कोसळून 1,100 हून जास्त लोक गेले. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये कायदेशीर बंधन असलेला 'अकॉर्ड' करार झाला. त्यात कारखान्यांना सरकती गेटं आणि कुलपं काढायला लावली, आणि जिन्यांना आग-धूर अडवणारे दरवाजे बसवायला लावले.

असं गेट आपल्याकडे अनेक जुन्या इमारतींच्या जिन्यावर आजही दिसतं. तिथे वर शिलाईचं काम चालत असेल, तर एवढंच बघायचं: काम सुरू असताना आतला माणूस चावी न शोधता बाहेर येऊ शकतो का?