हातावरची गाठ म्हणजे टीबी नव्हे

‘मॉन्टू पॉझिटिव्ह आली, म्हणजे टीबी झालाच.’ हे वाक्य इतक्या ठिकाणी, इतक्या खात्रीने बोलले जाते की त्यावर घराघरांत रडारड होते आणि कधीकधी गरज नसताना सहा महिन्यांची औषधेही सुरू होतात. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत 15 वर्षांवरील सुमारे 31 टक्के लोकांत टीबीच्या जंतूचा संसर्ग असल्याचे आढळले. तो रक्तचाचणीने मोजला होता, पण ती चाचणीही मॉन्टूप्रमाणे टी-पेशींची आठवणच तपासते. त्याच पाहणीत फुफ्फुसाचा प्रत्यक्ष टीबी आढळला तो लाखात 300 हून थोड्या अधिक लोकांना. म्हणजे शंभरातल्या एकतीस जणांची जंतूशी गाठ पडली होती, पण आजारी होता शंभरात एकसुद्धा नाही. हा फरक कशामुळे पडतो ते कळले, की हातावरच्या गाठीचा अर्थही कळतो.

श्वासावाटे आलेला जंतू फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशी गिळतात. अडचण अशी की हा जंतू गिळला जाऊनही मरत नाही. पेशीच्या ज्या पिशवीत तो असतो, तिचा पाचक रसाच्या पिशवीशी होणारा मिलाफ तो रोखतो आणि आतच वाढत राहतो. काही पेशी जंतूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिका ग्रंथींत जातात आणि मदतनीस टी-पेशींना ते दाखवतात. या पेशी तयार होऊन फुफ्फुसात परततात आणि इंटरफेरॉन-गॅमा नावाचे रसायन सोडतात. ते मिळाले की मॅक्रोफेज खऱ्या अर्थाने मारक होतात. जंतू उरलाच, तर मॅक्रोफेज एकमेकांना चिकटतात, काही एकत्र मिसळून बहुकेंद्रकी राक्षसपेशी होतात आणि बाहेरून टी-पेशींचे कडे पडते. हाच ग्रॅन्युलोमा. त्याला अभेद्य तुरुंग समजू नये. मधला भाग कुजून चीजसारखा मऊ होतो, आणि तो फुटला तर जंतू श्वासनलिकेत उतरतात. तरीही बहुतेक लोकांत हे कडे आयुष्यभर टिकते.

मॉन्टू चाचणी याच सहकार्याची आठवण तपासते. हाताच्या पुढच्या भागात, त्वचेच्या आत, 0.1 मिलिलिटर ट्युबरक्युलिन टोचतात. त्यात जिवंत जंतू नसतो, जंतूची शुद्ध केलेली प्रथिने असतात. पूर्वी संसर्ग झालेल्या माणसाच्या स्मृतिधारक टी-पेशी तिथे जमतात, तीच रसायने सोडतात आणि मॅक्रोफेजना बोलावतात. पेशींना जमायला वेळ लागतो, म्हणूनच गाठ 48 ते 72 तासांनी मोजायची असते आणि या प्रतिक्रियेला विलंबित अतिसंवेदनशीलता म्हणतात. यात प्रतिपिंडांची भूमिका नाही. मेरिल चेस यांनी 1945 साली गिनीपिगवर दाखवले, की ही संवेदनशीलता एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे पेशींबरोबर जाते, रक्तद्रवाबरोबर नाही. टीबीसाठी रक्तातली प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या विश्वासार्ह न ठरल्याने भारताने 2012 मध्ये त्यांवर बंदी घातली, ती याच्याशी सुसंगतच आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘मग निगेटिव्ह आली तर टीबी नाही, एवढे तरी नक्की ना?’ तेही नाही, आणि हा गैरसमज अधिक घातक आहे. समजा, कुपोषित लहान मुलाच्या रक्तावाटे जंतू सर्व अवयवांत पसरला आहे आणि हातावर शून्य मिलिमीटर आहे. इथे जंतूचा अभाव नाही, टी-पेशींचे बळ संपले आहे. एचआयव्हीमध्ये मदतनीस टी-पेशी घटतात, तेव्हा हातावरची गाठ नाहीशी होते आणि फुफ्फुसातला ग्रॅन्युलोमाही नीट बांधला जात नाही. संधिवाताच्या टीएनएफ-रोधक औषधांनी दबलेला टीबी उफाळतो, कारण ग्रॅन्युलोमा टिकवायला टीएनएफ हे रसायन लागते. म्हणून ही औषधे सुरू करण्याआधी संसर्गाची तपासणी करतात.

उरलेले गैरसमज थोडक्यात. लाली मोजायची नसते. बोटाला लागणारा कडकपणा, हाताच्या आडव्या दिशेने मोजतात. जन्मतः दिलेल्या बीसीजीचा परिणाम बहुतेकांत काही वर्षांत ओसरतो, त्यामुळे प्रौढाची मोठी गाठ केवळ बीसीजीवर ढकलू नये. आणि सगळ्यांना एकच मर्यादा लागू नसते: एचआयव्हीग्रस्ताला 5 मिलिमीटरही पॉझिटिव्ह मानतात, इतरांत सहसा 10.

गाठ आली, तर पुढची पायरी म्हणजे लक्षणांची चौकशी, छातीचा एक्स-रे आणि बेडका पडत असेल तर त्याची तपासणी. आजार नाही हे ठरल्यावर, घरात टीबीचा रुग्ण असेल तर प्रतिबंधक औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. पण गाठ नाही म्हणून दोन आठवडे टिकलेला खोकला किंवा घटणारे वजन कधीही दुर्लक्षित करू नका.