डिस्चार्ज कार्डावरच्या शेवटच्या दोन ओळी

वडिलांना दवाखान्यातून घरी न्यायच्या दिवशी मुलाचं लक्ष बिलात, मेडिक्लेमच्या कागदांत आणि गाडी दाराशी आणण्यात असतं. हातात पडलेलं डिस्चार्ज कार्ड फाईलमध्ये जातं आणि त्यातला गोळ्यांचा तक्ता तेवढा औषधाच्या दुकानात दाखवला जातो. न्यूमोनियातून बरं झालेल्या वयस्कर माणसाच्या कार्डावर मात्र तक्त्याच्या खाली दोन ओळी असतात, एक छातीच्या फोटोची आणि एक लसीची. त्याच सगळ्यात जास्त वेळा वाचायच्या राहून जातात.

उदाहरण म्हणून एक कार्ड समोर घेऊ. रुग्ण ७१ वर्षांचे, निवृत्त एसटी चालक. तीस वर्षं विडी ओढली, आठ वर्षांपूर्वी सोडली. रक्तदाब आहे, रोज टेल्मिसार्टन घेतात. चार दिवस खोकला होता, ताप फारसा नव्हता. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते ड्यूटीला निघायचं म्हणून गणवेश मागू लागले, तेव्हा घरचे घाबरून त्यांना दवाखान्यात घेऊन आले. उतारवयात न्यूमोनिया असाच येतो. सणसणून ताप येण्याऐवजी माणूस बरळतो, जेवण सोडतो, नाहीतर चालताना पडतो.

दाखल करताना श्वास मिनिटाला ३२, ऑक्सिजन ८८ टक्के. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात पांढरा पॅच. क्रिएटिनिन १.६, म्हणजे मूत्रपिंडांवरही ताण आलेला. थुंकीची सीबीनॅट तपासणी केली, त्यात क्षयाचे जंतू सापडले नाहीत. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनची इंजेक्शनं आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू झालं, पहिले काही दिवस ऑक्सिजन लावावा लागला. सहाव्या दिवशी ऑक्सिजनशिवाय ९४ टक्के, श्वास २०, ताप नाही, बोलणं नेहमीसारखं, जेवण सुरू, क्रिएटिनिन १.१. एवढं सगळं जमलं तेव्हाच घरी सोडलं.

तक्त्यात एक जागा अशी आहे जिथे फार चुका होतात. आजारात रक्तदाब खाली आला होता आणि मूत्रपिंडांवर ताण होता, म्हणून टेल्मिसार्टन थांबवलेलं. कार्डावर नुसतं ‘आधीची औषधं चालू ठेवा’ असं लिहिलं, तर घरी गेल्या दिवशीच ती गोळी सुरू होते आणि रात्री बाथरूमला उठताना चक्कर येऊन माणूस पडतो. या कार्डावर स्पष्ट लिहिलं आहे: ‘टेल्मिसार्टन बंद. आठ दिवसांनी रक्तदाब आणि क्रिएटिनिन पाहून ठरवू.’ थांबवलेल्या औषधाचं नाव आणि ते पुन्हा केव्हा पाहायचं, हे दोन्ही कार्डावर असायलाच हवं.

आता फोटोची ओळ: ‘६ ते ८ आठवड्यांनी छातीचा एक्स-रे. सावली राहिल्यास सीटी स्कॅन.’ मुलाने तेव्हाच विचारलं होतं, “डॉक्टर, ताप गेला, खोकला कमी झाला. मग परत फोटो कशाला?”

प्रश्न रास्त आहे. तरुण आणि कधीही धूम्रपान न केलेल्या माणसाला पूर्ण बरं वाटत असेल, तर हा फोटो बहुतेक वेळा लागतही नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या आणि विडी-सिगारेट ओढलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. न्यूमोनियाचा पॅच एक्स-रेवर पांढरा दिसतो आणि त्याच्या आड एखादी गाठ असेल तर तीही पांढरीच दिसते. कधी गाठच श्वासनलिकेच्या एका फांदीला अडवते, त्यापुढच्या भागात कफ साचतो आणि तिथे न्यूमोनिया होतो. प्रतिजैविकांनी न्यूमोनिया बरा होतो, माणूस घरी जातो आणि गाठ तिथेच राहते. पांढरेपणा ओसरल्यावर काढलेला फोटो हे उघड करतो.

मग पंधरा दिवसांतच का नको? कारण माणूस सुधारतो त्या वेगाने फोटो सुधारत नाही. ताप आठवड्यात जातो, पण वयस्कर माणसाच्या एक्स-रेवरचा पॅच विरायला सहा आठवडे, कधी बारा आठवडेही लागतात. पंधराव्या दिवशी फोटो काढला की पॅच दिसतो, घरात धावपळ होते आणि कोणीतरी आणखी एक ‘स्ट्राँग’ अँटिबायोटिक सुरू करतं. आपल्याकडे त्यात एक खास धोका आहे. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं क्षयाच्या जंतूंवरही काम करतात. क्षय असेल तर थोडे दिवस बरं वाटतं, तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं आणि खरं निदान लांबतं. म्हणून खोकला रेंगाळला तर दुकानातून औषध आणण्याआधी थुंकी पुन्हा तपासून घ्यावी. ताप परत आला, धाप वाढली, थुंकीतून रक्त पडलं किंवा पुन्हा बरळणं सुरू झालं, तर सहा आठवड्यांची वाट पाहायचीच नाही, लगेच जायचं.

या आजोबांचा फोटो सातव्या आठवड्यात काढला. मुलाने पहिली फिल्म सोबत नेली होती, त्यामुळे दोन्ही शेजारी लावून पाहता आल्या. पॅच जवळजवळ गेला होता, तरी त्याच जागी थोडी सावली उरली होती. विडी ओढली नसती तर आणखी महिनाभर थांबता आलं असतं. इथे सीटी करायचं ठरलं. शिरेतून रंगद्रव्य द्यायचं असल्याने आधी क्रिएटिनिन पुन्हा पाहिलं. सीटीत गाठ नव्हती. जुन्या जखमेचे व्रण होते आणि फुफ्फुसाच्या वरच्या भागात विडीने झालेली झीज होती. जिना चढताना लागणाऱ्या धापेचं कारण त्यामुळे कळलं आणि तिच्यावर उपचार सुरू झाले. सावली वाढलेली किंवा गोल दिसली असती, तर पुढची पायरी दुर्बिणीची तपासणी होती.

दुसरी ओळ लसीची. न्यूमोनिया एकदा होऊन गेला, आता लस कशाला, असं घरोघरी ऐकू येतं. पण न्यूमोनिया करणाऱ्या जंतूंमध्ये प्रमुख असलेल्या न्यूमोकोकसचे सुमारे शंभर प्रकार आहेत. एका प्रकाराने आजारी पडून बाकीच्यांपासून संरक्षण मिळत नाही. ज्या फुफ्फुसांना एकदा न्यूमोनिया झाला, त्यांना तो पुन्हा होण्याची भीतीही जास्त असते. लसीमुळे प्रत्येक न्यूमोनिया टळत नाही, मात्र न्यूमोकोकसचा गंभीर आजार होण्याची शक्यता कमी होते.

लस दोन पद्धतींनी देतात. वीस प्रकारांवरची पीसीव्ही-२० मिळाली तर एकच टोचणी पुरते. पीसीव्ही-१३ दिली तर साधारण एक वर्षाने तेवीस प्रकारांवरची दुसरी लस घ्यावी लागते, आणि ही वर्षानंतरची टोचणी हमखास विसरली जाते. म्हणून कोणती लस दिली, तिचं नाव आणि तारीख कार्डावर लिहून घ्यावी. ‘न्यूमोनियाची लस दिली’ एवढं वाचून दुसऱ्या डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. ताप जाऊन माणूस सावरला की फोटोच्या भेटीतच लस घेता येते. फ्लूची लस वेगळी असते आणि ती दरवर्षी घ्यायची. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लूचा जोर होतो, म्हणून एप्रिल-मे हा चांगला काळ. दोन्ही लसी एकाच दिवशी दोन दंडांत चालतात. सरकारी लसीकरणात न्यूमोकोकसची लस बाळांना मोफत मिळते, पण आजोबांसाठी ती बहुधा विकत घ्यावी लागते.

तुमच्या घरात अलीकडे कोणी वयस्कर माणूस न्यूमोनियातून उठलं असेल, तर आज फाईल काढा. फोटोची तारीख आणि लसीचं नाव कार्डावर नसेल, तर येत्या भेटीत डॉक्टरांकडून दोन्ही लिहून घ्या आणि दाखल होतानाची एक्स-रेची फिल्म सोबत न्यायला विसरू नका.